भूक वेगळी, खा खा वेगळी आणि चाळा त्याहून वेगळा

माझ्या एका मैत्रिणीची गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी चार वाजता तिला वरिष्ठांसमोर वर्षभराच्या कामाचा हिशेब मांडायचा होता. दीड वाजता तिने डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि बंद करून ठेवला, कारण घास घशाखाली उतरेना. चार ते पावणेपाच ती बोलली. बरंच चांगलं झालं, पण एका आकड्यावर ती अडखळली आणि समोरच्यांपैकी एकाने भुवया उंचावल्या. सहाला घरी आली, साडेसहाला नीट, पोटभर जेवली. सव्वासातला स्वयंपाकघरातल्या फळीवरून बिस्किटांचा पुडा काढला आणि आठ वाजता तो रिकामा होता.

"मला भूक नव्हती," ती म्हणाली. "आणि गंमत म्हणजे खाताना मला ते माहीतही होतं."

या प्रसंगात दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध दिसतात. दीड वाजता पोट रिकामं होतं तरी खावंसं वाटेना, आणि सव्वासातला पोट भरलेलं होतं तरी हात थांबेना. दोन्हींचं कारण विचारलं तर आपण एकच शब्द सांगतो, ताण. एकच ताण दुपारी भूक मारतो आणि संध्याकाळी खायला लावतो, हे कसं? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की विषयाचा बराचसा भाग उलगडतो. उरलेला भाग कंटाळ्याचा, आणि त्याची वाट वेगळी आहे.

आपल्या भाषेने हा फरक फार पूर्वीच ओळखला आहे. भूक 'लागते', खा खा 'सुटते' आणि तोंडाला चाळा 'हवा असतो'. आपण या तिन्ही गोष्टींना एकाच पोटाच्या तक्रारी समजतो, तिथे चूक होते.

आधी भुकेचं थोडक्यात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. तो शरीराच्या इंधनाचा हिशेब ठेवतो. पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात वाढतं आणि इथे येऊन 'आता खा' असं सांगतं. जेवताना जठर ताणलं जातं, आतड्यांतून दुसरी संप्रेरकं निघतात आणि 'पुरे' असा निरोप जातो. शरीरातली चरबी लेप्टिन सोडते, म्हणजे कोठारात किती शिल्लक आहे त्याची खबर देते. खरी भूक या हिशेबातून येते. ती हळूहळू चढते, जे समोर येईल ते चालवून घेते आणि पोट भरलं की उतरते. माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत सव्वासातला हा हिशेब चोख होता. बिस्किटांची मागणी या खात्यातून आलेलीच नव्हती.

दोन घंटा, दोन वेग

ताण आला की शरीरात दोन घंटा वाजतात. पहिली लगेच वाजते आणि लगेच थांबते. दुसरी उशिरा वाजते आणि बराच वेळ घुमत राहते.

पहिली घंटा मज्जातंतूंची. भीती किंवा दडपण जाणवताच काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन सुटतं. छाती धडधडते, तळव्यांना घाम येतो, रक्त पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळतं. त्याच वेळी हायपोथॅलॅमसमधून सीआरएच नावाचं एक संप्रेरक निघतं. ते दोन कामं करतं. पुढच्या साखळीला चालना देतं आणि मेंदूत थेट भूक दाबतं. जठर रिकामं होण्याचा वेगही ते कमी करतं, म्हणून पोटात गोळा आल्यासारखं वाटतं. (मोठ्या आतड्यावर त्याचा परिणाम नेमका उलटा होतो. परीक्षेच्या आधी वर्गाबाहेर शौचालयासमोर रांग का लागते, त्याचं हे उत्तर.) समोर संकट असताना जेवत बसणं परवडणारं नसतं, म्हणून शरीर जेवणाचं काम पुढे ढकलतं. दीड वाजता डबा बंद झाला तो यामुळे. अडीच तासांनी येणारं संकट मनाने आधीच समोर आणून उभं केलं होतं.

दुसरी घंटा रक्तातून प्रवास करते. सीआरएच पियुषिका ग्रंथीला निरोप देतं. ती ग्रंथी दुसरं संप्रेरक रक्तात सोडते. ते मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत पोहोचतं आणि तिथून कॉर्टिसॉल बाहेर पडतं. इतके हात बदलायचे म्हटल्यावर वेळ लागणारच. ताण सुरू झाल्यापासून साधारण वीस ते तीस मिनिटांनी कॉर्टिसॉल शिखरावर जातं, आणि ते रक्तातून निम्मं व्हायलाच तास-सव्वा तास लागतो. अ‍ॅड्रिनलिन मात्र काही मिनिटांतच ओसरतं.

म्हणजे प्रसंग संपतो, धडधड थांबते, भूक दाबणारं सीआरएच निघून जातं आणि कॉर्टिसॉल मागे उरतं. मागे उरलेलं हे कॉर्टिसॉल भूक वाढवणारं आहे. मूळ योजना समजण्यासारखी आहे. ज्या शरीरांत ही यंत्रणा घडली त्यांच्यासाठी ताण म्हणजे बहुतेक वेळा पळणं किंवा झुंजणं होतं. पळून झाल्यावर खर्च झालेली ताकद भरून काढायला हवी. कॉर्टिसॉल हे त्या भरपाईचं संप्रेरक. आता अडचण अशी की वरिष्ठांसमोर पाऊण तास उभं राहून बोलण्यात ताकद जवळजवळ खर्च होतच नाही. खर्च नसताना भरपाईचा आदेश निघतो.

कॉर्टिसॉल खरंच खायला लावतं का, याचा एक घरगुती पुरावा अनेकांनी पाहिलेला असेल. दमा किंवा सांधेदुखीसाठी ज्यांना काही आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात, ते हमखास सांगतात की भूक आवरत नाही. त्या गोळ्या म्हणजे कॉर्टिसॉलचीच भावंडं. त्या माणसांना ताण आलेला नसतो, मनाने ती खचलेली नसतात, फक्त हे रसायन बाहेरून आत गेलेलं असतं.

प्रयोगशाळेतही हे पाहिलं गेलं आहे. माणसाला ठरवून ताण द्यायची एक पद्धत जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात 1993 मध्ये मांडली गेली. थोडी तयारी करायला वेळ द्यायचा, मग निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर पाच मिनिटं भाषण करायला लावायचं आणि नंतरची पाच मिनिटं एका मोठ्या संख्येतून पुन्हा पुन्हा 13 वजा करायला सांगायचं. चुकलं की पहिल्यापासून सुरुवात. ऐकायला हा खेळ वाटतो, पण लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं तर बहुतेकांचं वाढलेलं सापडतं. माझ्या मैत्रिणीची सभा म्हणजे याच प्रयोगाची लांबलेली आवृत्ती. फक्त तिथे लाळ कुणी मोजली नाही.

2001 मध्ये एलिसा एपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 59 स्त्रियांना असा ताण दिला आणि नंतर त्यांच्यासमोर खाऊ ठेवला. वेगळ्या दिवशी त्याच स्त्रियांना नुसतं बसू दिलं आणि पुन्हा खाऊ ठेवला. ज्यांचं कॉर्टिसॉल ताणाने खूप उसळत होतं त्यांनी ताणाच्या दिवशी, कमी उसळणाऱ्यांच्या तुलनेत, जास्त खाल्लं. शांत दिवशी मात्र दोन्ही गटांचं खाणं सारखंच होतं. म्हणजे पहिल्या गटातल्या स्त्रिया मुळात खादाड नव्हत्या. त्यांच्यात आणि इतरांत फरक दिसला तो दुसऱ्या घंटेच्या आवाजाचा.

इथे एक शंका निघेल. सभा पावणेपाचला संपली, पुडा सव्वासातला उघडला. मध्ये अडीच तास गेले. कॉर्टिसॉल तोवर उतरायला नको होतं का? उतरलं असतं, जर सभा खरंच संपली असती. पण घरी येताना ती त्या अडखळण्याचाच विचार करत होती. जेवतानाही. तो आकडा आपण कसा सांगायला हवा होता, त्या भुवयांचा अर्थ काय, उद्या काय कानावर येईल. मनात घोळणारा प्रसंग शरीराला घडणाऱ्या प्रसंगासारखाच वाटतो आणि ताणाची यंत्रणा पुन्हा पुन्हा सुरू होत राहते. पण या वेळी पहिली घंटा बारीक असते. समोर कुणी नसतं, घसा कोरडा पडत नाही, म्हणून भूक मारली जात नाही. दुसरीची घुमणी मात्र चालू राहते. म्हणूनच खा खा सुटण्याची वेळ बहुधा संध्याकाळची असते. दिवसभर माणूस प्रसंगांत असतो आणि संध्याकाळी त्यांच्या आठवणीत.

बिस्किटंच का?

कॉर्टिसॉलने भूक वाढवली एवढंच असतं, तर ती उरलेल्या भाजीवरही भागली असती. ताणात कुणी फ्रीज उघडून काकडी शोधत नाही. हात जातो तो गोड, तुपकट, कुरकुरीत गोष्टींकडे. याचं कारण समजून घ्यायला उंदरांकडे जावं लागेल, आणि मला या सगळ्या विषयातला सर्वांत लक्षात राहिलेला प्रयोग तिथलाच आहे.

कॅलिफोर्नियात मेरी डालमन यांनी बरीच वर्षं ताणलेल्या उंदरांवर काम केलं. त्यांच्या गटाला असं दिसलं की सतत ताणात ठेवलेल्या उंदरांना नेहमीच्या खाद्याबरोबर साखर आणि चरबीही उपलब्ध करून दिली, तर त्यांची ताणाची संप्रेरकं कमी वाढतात. म्हणजे हे खाणं नुसतं सुखाचं नव्हतं. त्याचा उपयोग होत होता, ताणाची यंत्रणा ते शांत करत होतं. 2003 मध्ये त्यांनी हा विचार सविस्तर मांडला. ताणात असं खाणं ही एक प्रकारची स्वतःवरची औषधयोजना आहे, असा त्याचा गाभा.

मग सिनसिनाटीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये नेमका प्रश्न विचारला. ताण शांत होतो तो पोटात गेलेल्या साखरेमुळे की जिभेवरच्या गोडव्यामुळे? त्यांनी उंदरांना 14 दिवस, दिवसातून दोनदा, फक्त चार मिलिलिटर साखरेचं पाणी प्यायला दिलं. नंतर ताण दिल्यावर या उंदरांची प्रतिक्रिया सौम्य झालेली दिसली. मग काहींना साखरेऐवजी सॅकरिन दिलं, ज्यात गोडी आहे पण उष्मांक नाहीत. तरीही परिणाम दिसला. मग काहींना तीच साखर नळीतून थेट जठरात सोडली, म्हणजे उष्मांक मिळाले पण चव नाही. परिणाम झाला नाही.

हा निकाल नीट मनात उतरू द्यावा असा आहे. ताणातलं खाणं पोटासाठी नसतं, हे आपण म्हणीसारखं बोलतो. इथे ते अक्षरशः खरं ठरलं. काम करते ती चव. चवीचा आनंद मेंदूतल्या सुखाच्या वाटांवरून जातो आणि ताण पेटवणाऱ्या भागांना थोडं थंड करतो. म्हणूनच 'तुला भूक नाही, मग कशाला खातोस?' हा घरातला प्रश्न नेम चुकवतो. भूक नाही हे खाणाऱ्याला ठाऊक असतं. तो पोटासाठी खातच नसतो.

पण मग हे खाणं चांगलंच म्हणायचं का? माणसांच्या बाबतीत उत्तर गुंतागुंतीचं आहे. 2014 मध्ये मिनेसोटातल्या संशोधकांनी लोकांना उदास करणारी चित्रफीत दाखवली आणि मग काहींना त्यांचा स्वतःचा 'मन रमवणारा' आवडता पदार्थ दिला, काहींना दुसरं काही खायला दिलं, तर काहींना काहीच नाही. थोड्या वेळाने मोजलं तेव्हा सगळ्यांचं मन सारखंच सावरलेलं होतं. ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं त्यांचंसुद्धा. वाईट मनःस्थिती बहुतेक वेळा आपोआपच ओसरते. ओसरताना तोंडात बिस्कीट असलं तर श्रेय बिस्किटाला जातं.

मला वाटतं, सवय घट्ट होण्याचं गुपित इथेच आहे. पहिल्या घासाने चवीचा खराखुरा दिलासा मिळतो, काही मिनिटांपुरता. पुढचं सावरणं वेळेने होतं. मेंदू मात्र दोन्ही एकाच खात्यावर जमा करतो आणि नोंद करतो की पुडा उघडल्यावर बरं वाटलं होतं. पुढच्या वेळी छातीत तसंच दडपण आलं की ही नोंद आधी उघडते. शिवाय चवीचा दिलासा पहिल्या काही घासांतच सर्वांत जास्त असतो. त्याच गोष्टीचा आठवा घास पहिल्याइतका रुचत नाही. म्हणजे दिलासा दोन बिस्किटांत मिळून जातो आणि उरलेली बारा तो परत मिळेल या आशेवर खाल्ली जातात.

सगळेच खात नाहीत

ताणात सगळ्यांचंच खाणं वाढतं असं नाही. ढोबळमानाने दहांतल्या चौघांचं वाढतं, चौघांचं कमी होतं आणि दोघांना फारसा फरक पडत नाही. कुणाची पहिली घंटा मोठी आणि लांब असते, ती माणसं परीक्षेच्या काळात सुकतात. कुणाची दुसरी मोठी. अगदी जवळच्या माणसाचं दुःख, मोठा धक्का, अशा प्रसंगी नेहमी खाणाऱ्याचंही अन्न तुटतं. खायला लावतो तो मध्यम ताण, रोजचा, किरकिरा, ज्यात पळायचं नसतं आणि सुटकाही नसते.

एका गटाचं मात्र वेगळं सांगायला हवं. जे एरवी खाण्यावर करडी नजर ठेवून असतात, मोजून खातात, त्यांचं खाणं ताणात जास्त उसळतं. हे उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. भूक असताना न खाणं हे मनाचं चालू काम असतं. त्याला सतत लक्ष पुरवावं लागतं. ताणात ते लक्ष दुसरीकडे ओढलं जातं आणि बांध सुटतो. टोरांटोत जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी हा स्वभाव अनेक वर्षं तपासला. हर्मन यांच्या 1975 च्या एका प्रयोगात लोकांना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग आइस्क्रीमची चव घ्यायला सांगितली. साध्या लोकांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरल्यावर माणूस तसंच करतो. मोजून खाणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. 'नियम मोडलाच आहे, आता आजचा दिवस गेला' हा त्यामागचा हिशेब. माझी मैत्रीण त्या महिन्यात वजन उतरवायच्या मागे होती, हे सांगायचं राहिलं. तिसऱ्या बिस्किटानंतर नेमकं हेच वाक्य तिच्या मनात आलं होतं.

कंटाळा: इथे घंटा वाजतच नाही

आता दुसरं दृश्य. रविवारची दुपार, पाऊस, कुठे जायचं नाही, जेवण झालेलं, काही करावंसं वाटत नाही. अर्ध्या तासात माणूस तिसऱ्यांदा फ्रीज उघडतो. आतल्या वस्तू मघाशी होत्या त्याच आहेत हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

इथे कुणी घाबरवलेलं नाही, शांत करायला काही नाही. कंटाळा म्हणजे लक्षाला धरायला काहीच नसणं. मन रिकाम्या हाताने बसू शकत नाही, त्याला काहीतरी घडायला हवं असतं. खाण्यात वास आहे, चव आहे, कुरकुर आवाज आहे, हाताला काम आहे, आणि हे सगळं दोन पावलांवर. म्हणून कंटाळ्यातली मागणी सुखाची नसते, नुसत्या जाणिवेची असते.

हे म्हणणं किती टोकापर्यंत खरं आहे ते नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या एका अभ्यासात दिसतं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एका गटाला चांगला माहितीपट दाखवला आणि दुसऱ्याला चित्रफितीचा छोटासा तुकडा तासभर पुन्हा पुन्हा. जवळ चॉकलेटच्या गोळ्या ठेवल्या होत्या. कंटाळलेल्यांनी त्या जास्त खाल्ल्या. इथपर्यंत अपेक्षित. मग संशोधकांनी चॉकलेटच्या जागी विजेचा सौम्य पण नकोसा झटका देणारं बटण ठेवलं. कंटाळलेल्या लोकांनी ते बटणही जास्त वेळा दाबलं. स्वतःलाच.

चॉकलेट आणि विजेचा झटका यांत साम्य काय? दोन्हींनी काहीतरी होतं, एवढंच. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या 2014 च्या प्रयोगात माणसांना पंधरा मिनिटं खोलीत नुसतं विचार करत बसवलं होतं, झटक्याचं बटण जवळ ठेवून. 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 स्त्रियांपैकी 6 जणींनी निदान एकदा ते दाबलं, आणि ही तीच माणसं होती ज्यांनी आधी सांगितलं होतं की असा झटका टळावा म्हणून आपण पैसे मोजायला तयार आहोत. हे वाचल्यावर रविवारी दुपारी फ्रीज उघडणाऱ्याबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. त्याने निदान बरा पर्याय निवडला आहे.

कंटाळ्यातलं खाणं आणि ताणातलं खाणं यांतला फरक खाणाऱ्याला ओळखता येतो. ताणात माणूस ठरावीक गोष्ट मागतो आणि तीच खात राहतो. कंटाळ्यात तो गोड खातो, मग खारट हवं वाटतं, मग परत गोड, कारण एक चव जुनी झाली की तिच्यातलं 'घडणं' संपतं. ताणातल्या माणसाचा फोन वाजला आणि चांगली बातमी कळली, तर खा खा उतरायला थोडा वेळ लागतो. कंटाळलेल्याचा फोन वाजला की तो हातातलं अर्धं बिस्कीट विसरून बोलत बसतो.

तिसरा भिडू: जागा आणि हात

ताण असो की कंटाळा, दोन्हींना एक भिडू मिळतो तो म्हणजे सवय. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात चित्रपटगृहात आलेल्यांना काही डब्यांतून ताजे आणि काहींतून आठवड्यापूर्वीचे, वातड झालेले पॉपकॉर्न दिले. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी शिळे तितकेच खाल्ले जितके ताजे. आवडले नाहीत असं सांगितलं, तरीही. तशीच सवय असलेली दुसरी माणसं सभेच्या खोलीत बसवली तेव्हा शिळे पॉपकॉर्न त्यांनी कमी खाल्ले. आणखी एक गमतीचा भाग. चित्रपटगृहातच आणखी काही जणांना नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं तरी शिळं खाणं कमी झालं. सवय डोक्यात जितकी असते तितकीच जागेत आणि हातात असते.

ताणाने ही सवय आणखी जोर धरते. जर्मनीत लार्स श्वाबे आणि ऑलिव्हर वोल्फ यांनी 2009 मध्ये लोकांना दोन खुणांपैकी निवड करून चॉकलेटचं दूध किंवा संत्र्याचा रस मिळवायला शिकवलं. मग त्यांना यांतली एक गोष्ट नको नको होईपर्यंत खायला-प्यायला दिली. साध्या लोकांनी त्या गोष्टीकडे नेणारी निवड सोडून दिली. आधी ताण दिलेले लोक मात्र तीच निवड करत राहिले, ती गोष्ट आता नको असूनही. ताणात मेंदू विचारपूर्वक निवडीकडून ठरलेल्या वाटेकडे झुकतो. सव्वासात वाजता, त्या फळीसमोर, तो हात नेहमीच्या वाटेने गेला.

मग ओळखायचं कसं, आणि करायचं काय? सगळ्यांत साधी चाचणी अशी. स्वतःला विचारायचं की आत्ता ताटात साधं, रोजचं, बेचव म्हणावं असं जेवण आलं तर चालेल का? चालत असेल तर ती भूक आहे, जेवावं. पुष्कळदा भूक आणि खा खा एकत्रही येतात, दुपारचं जेवण चुकलं असेल तर विशेषकरून. 'ते नको, फक्त हेच' असं उत्तर आलं तर खा खा. 'काय हवंय तेच कळत नाही' असं आलं तर चाळा.

उत्तरानुसार उपाय बदलतो, आणि इथेच बहुतेक सल्ले फसतात. चाळ्याला विश्रांती सुचवून उपयोग नाही. रिकामपणाला आणखी रिकामपण कशाला? त्याला हात आणि लक्ष गुंतवणारं काही हवं. उलट खा खा सुटलेल्याला आणखी काम दिलं तर ताणच वाढतो. त्याच्या बाबतीत मनात घोळणारा प्रसंग थांबवणं महत्त्वाचं, कारण घंटा तोच वाजवत असतो. कुणाशी तरी बोलून टाकणं, चालायला जाणं, यांचा उपयोग होतो तो यासाठी. आणि फळीची जागा बदलणं, पुड्याऐवजी बशीत दोन काढून घेणं, हे उपाय बाळबोध वाटतात, पण ते मनाशी भांडत नाहीत, हाताची वाट मोडतात.

एक मर्यादा सांगायला हवी. थोड्या वेळात इतरांच्या मानाने खूपच जास्त खाणं, खाताना आपला ताबाच नाही असं वाटणं, नंतर लाज वाटून लपवणं, आणि हे आठवड्यातून निदान एकदा असं तीन महिने चालणं, याला डॉक्टर वेगळा आजार मानतात आणि त्यावर उपचार आहेत. तिथे बशीत दोन बिस्किटं काढून घ्यायचा सल्ला तोकडा पडतो.

मैत्रिणीने मात्र एवढंच केलं. पुढच्या सभेच्या दिवशी डबा बाराला खाल्ला, दडपण यायच्या आधी. सभा संपल्यावर थेट घरी न जाता एका सहकाऱ्याबरोबर अर्धा तास चालली आणि त्या वेळी काय काय चुकलं ते सगळं बडबडून टाकलं. घरी आल्यावर जेवली. सव्वासातला फळीपाशी गेलीच, पाय तिथे जातातच. बशीत तीन बिस्किटं घेतली. चौथं घ्यायला ती परत उठलीही होती, पण बहिणीचा फोन आला.